फडाचे पाणी आणि स्वार्थाचा हिशेब

माणूस मुळातच स्वार्थी आहे, हे वाक्य आमच्या समाजात दोन प्रकारच्या लोकांच्या तोंडी असते, आणि त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. पहिले आमचे वाझ करणारे बुजुर्ग. त्यांचे म्हणणे असे की माणसाला मोकळे सोडले तर तो शेजाऱ्याच्या वाट्याचे ओरबाडणारच. त्याला रोखतो तो फक्त खौफ, वरच्याचा नाहीतर हाकिमाचा. दुसरे आमचेच चार पुस्तके वाचलेले दोस्त. ते म्हणतात, नीती म्हणून वेगळे काही नसतेच. दोन मतलबी माणसे नफ्या-तोट्याचा हिशेब करतात, त्या हिशेबाची सवय जडते, आणि जडलेल्या सवयीला आपण पुढे नीती असे नाव देतो. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून ते ‘कैद्यांचा पेच’ आणि ‘सामायिक मालमत्तेची शोकांतिका’ ही दोन नावे घेतात. नावे भारदस्त असल्यामुळे समोरचा गप्प बसतो.

आम्हाला गप्प बसणे जमत नाही. शाळेत नैतिक शिक्षणाच्या तासाला आम्हाला मुलांपुढे उभे राहावे लागते, आणि शेतमजुराचा मुलगा जेव्हा विचारतो की सगळेच पाणी चोरतात तर माझ्या मालकानेच का चोरू नये, तेव्हा ‘चांगली माणसे चोरी करत नाहीत’ हे उत्तर त्याला पुरत नाही. आमचा दावा असा की या दोन्ही पक्षांनी आपल्याच खानदेशातले पाणी नीट पाहिलेले नाही. बुजुर्गांनी पाहिले असते तर हाकिमाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला कायदा त्यांना दिसला असता. दोस्तांनी पाहिले असते तर त्यांचा हिशेब कुठवर चालतो आणि कुठे संपतो, ती जागा त्यांना बोट ठेवून दाखवता आली असती.

आधी ती दोन नावे साफ करून घेऊ. कैद्यांचा पेच १९५० साली अमेरिकेत मांडला गेला. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी तो खेळ म्हणून तयार केला आणि अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. कैदी वगैरे बाजूला ठेवून आपण दोन शेतकरी घेऊ. दोघांचे शेत एकाच पाटावर, दोघांची पाण्याची पाळी ठरलेली. समजा दोघांनी पाळी पाळली तर प्रत्येकाला बारा क्विंटल गहू होतो. एकाने रात्री पाट फोडून दुसऱ्याच्या पाळीचे पाणी घेतले तर त्याला सोळा आणि दुसऱ्याला पाच. दोघांनीही रात्री पाट फोडला तर पाणी वाया जाते, पाट खचतो आणि दोघांच्या हाती सात-सात येतात. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांची मांडणी खरी आहे. आता पहिला शेतकरी विचार करतो. शेजारी इमानदार राहिला तर मला चोरीने बाराऐवजी सोळा मिळतात. शेजाऱ्याने चोरी केली तर मीही चोरी केल्याने पाचाऐवजी सात मिळतात. म्हणजे शेजारी काहीही करो, मला चोरीच परवडते. शेजाऱ्यालाही नेमके हेच सुचते. दोघेही अक्कलहुशारीने वागतात आणि दोघेही बारा सोडून सातवर येतात. पेच तो हा.

दुसरी गोष्ट गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने डिसेंबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिली. मुश्तरका कुरणावर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण जनावराचा नफा त्याचा एकट्याचा आणि उजाड कुरणाचा तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरणच संपते. पेच दोघांचा असतो आणि शोकांतिका शेकडोंची, पण गाठ एकच आहे. हार्डिनने त्यावर दोनच इलाज सुचवले. एकतर कुरण खाजगी करा, नाहीतर सरकारचा दंडुका आणा. आमचे बुजुर्ग जे हाकिमाबद्दल म्हणतात त्याचीच ही विलायती आवृत्ती आहे.

आता धुळे जिल्ह्यात या.

फड म्हटले की वाचकांना तमाशाचा नाहीतर ऊसतोडीचा फड आठवेल. पण पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचा एक पट्टा. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली तीन किंवा चार फड. एकेक फड दहा हेक्टरपासून दोनशे हेक्टरपर्यंतचा. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे असे जाणकार सांगतात. बंधारे कोणी बांधले, फारुकी सुलतानांनी की आणखी कोणी, या वादात आम्ही पडत नाही. तो वाद करणाऱ्यांना पाण्यापेक्षा नावात रस असतो. आम्हाला रस आहे तो बंधारा बांधून झाल्यानंतर तो कोणी चालवला यात. चालवला तो शेतकऱ्यांच्या पंचांनी. ना सुलतानाचा शिपाई पाट राखायला होता, ना पुढे इंग्रजाचा पोलिस.

त्यांचे नियम बघा. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडाच सोडायचा, आणि कोणता सोडायचा हे पेरणीआधी सगळ्यांनी मिळून ठरवायचे. बहुतेकांची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी विखुरलेली. पाणी क्षेत्राच्या प्रमाणात, आणि तुटवडा आला तर तोही त्याच प्रमाणात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाणी सोडायचे नाही. ते काम पाटकऱ्याचे आणि बारेकऱ्याचे. पिकावर आणि पाटावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. ही सगळी माणसे पंचांनी नेमलेली, आणि त्यांचा मोबदला पूर्वी शेतकऱ्यांच्या पिकातूनच धान्याने चुकता होई.

वरवर पाहता हा गावाचा रिवाज वाटतो. पण कैद्यांच्या पेचाशेजारी ठेवून पाहिला की एकेक नियम कोणत्या रोगावरचे औषध आहे ते दिसते. जमीन सगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून एका फडात जो पाटाच्या तोंडाशी आहे तोच दुसऱ्या फडात शेपटाशी असू शकतो. तोंडाशी असताना त्याने शेपटाला तहानलेले ठेवले तर दुसऱ्या फडात त्याचीच मान अडकते. एक फड एक पीक, म्हणून चोरी लपत नाही. शेजारीशेजारी ऊस, कांदा आणि गहू असते तर कोणाच्या शेतात पाणी जास्त गेले हे समजायला महसूल खात्याचा कारकून लागला असता. सगळीकडे गहूच असेल तर चोरलेल्या पाण्याचा वाफा आठ दिवसांत हिरव्या रंगानेच चुगली करतो. आणि पाणी सोडणारा हात मालकाचा नाही, म्हणून रात्री उठून पाट फोडण्याचा मोका मुळातच कमी.

पण आमचे दोस्त विचारतील, शिक्षेचे काय? इथे त्यांच्या शास्त्राची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास हा पेच पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या संगणकी डावपेचांची स्पर्धा भरवली. तज्ज्ञांनी एकाहून एक गुंतागुंतीचे डाव पाठवले. जिंकला तो ॲनातोल रॅपोपोर्टचा सर्वांत साधा डाव. पहिल्यांदा चांगले वागायचे, मग समोरचा जसा वागला तसे वागायचे. दुसऱ्या स्पर्धेत बासष्ट डाव आले, तरी तोच जिंकला. यातला धडा असा की जिथे गाठ पुन्हा पडणार असते तिथे स्वार्थी माणसालाही इमानदारी परवडते.

आपल्या आकड्यांवर हे तपासून पाहू. आज चोरी केली तर फायदा चार क्विंटलचा, सोळा वजा बारा. पण उद्यापासून शेजारीही चोरी करील आणि दर हंगामाला तोटा पाचाचा, बारा वजा सात. पुढचा हंगाम याच शेजाऱ्यासोबत येण्याची शक्यता शंभरात सुमारे पंचेचाळीसहून अधिक असेल तर चोरी तोट्याचा धंदा ठरतो. आणि गावात बापजाद्यांची जमीन असलेल्या माणसाला शेजारी बदलता येत नाही. त्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. म्हणून तो चोरत नाही. यात खौफ नाही आणि फारशी शराफतही नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० सालीच दोन शेतकऱ्यांचे उदाहरण घेऊन दाखवले होते की शेजाऱ्याशी प्रेम नसतानाही त्याच्या कापणीला हात लावणे शहाणपणाचे असते, कारण उद्या आपली कापणी असते. महाराष्ट्रातल्या कुणब्याला हे समजायला ह्यूमची गरज नव्हती. त्याच्याकडे त्याला सावड म्हणतात.

तरीही ‘जशास तसे’ हा डाव दोघांपुरताच चालतो, आणि हे आमचे दोस्त सांगायचे विसरतात. फडात शंभर शेतकरी असतील आणि एकाने पाणी चोरले, तर बाकीच्यांनी सूड म्हणून पाट फोडायचा का? मग शिक्षा चोराला नाही, शेपटाच्या बिचाऱ्या गरिबाला होते. म्हणून शिक्षा नेमकी गुन्हेगाराला व्हावी लागते. पण चोराला पकडायचे कोणी? रात्री जागायचे कोणी, आणि दांडग्या भावकीशी वाकडे घ्यायचे कोणी? जागरणाचा त्रास एकाला आणि फायदा शंभरांना. म्हणजे चोरी रोखणे हेच पुन्हा मुश्तरका कुरण झाले, आणि प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने जागावे. फडाने हा गुंता जागल्या नेमून सोडवला. जागरणाचा खर्च सगळ्यांनी धान्यात वाटून घेतला. जागल्याचे पोट सगळ्यांच्या पिकावर, म्हणून एकाचे पीक सुकले तर त्याचाही वाटा घटतो. त्यामुळे चोराशी संगनमत करणे त्यालाही महाग पडते.

एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरचे असे पाट, कुरणे आणि मासेमारीचे किनारे अभ्यासून १९९० साली हार्डिनला उत्तर दिले. तिचे म्हणणे थोडक्यात असे की हार्डिनचे कुरण मुश्तरका नव्हतेच, ते बेवारस होते. जिथे हद्द ठरलेली असते, वापरणारेच नियम करतात, राखणदार त्यांनाच जबाबदार असतो आणि शिक्षा लहान दंडापासून चढत जाते, तिथे मुश्तरका मालमत्ता शतकानुशतके टिकते. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या विषयात ते मिळवणारी ती पहिली बाई. आमच्या बुजुर्गांनी निदान एवढे मान्य करावे की दंडुक्याशिवायही कायदा उभा राहतो. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात मुकद्दिम्यात म्हटले होते की एकटा माणूस स्वतःची भाकरीसुद्धा तयार करू शकत नाही, म्हणून सहकार अटळ आहे. पण एकमेकांना ओरबाडण्यापासून आवरायला वरचढ हाकिम हवाच, असेही त्याने लिहिले. पहिल्या अर्ध्या भागाला पांझरा साक्ष देते, दुसऱ्या अर्ध्याला देत नाही.

मग जळगाव का साक्ष देते, असे कोणी विचारील. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात विहिरींचे पाणी खोल खोल गेले, विहिरीत आडवे बोअर झाले, मग उभे बोअर झाले, आणि प्रत्येक नवा बोअर शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी ओढू लागला. हार्डिनचे कुरण जसेच्या तसे. माणसे तीच, खानदेशीच. धुळ्याचा कुणबी काही यावलच्या कुणब्यापेक्षा जास्त परहेजगार नाही. फरक खेळाच्या मांडणीत आहे. पाटाचे पाणी डोळ्यांना दिसते, जमिनीखालचे दिसत नाही. कोणी किती उपसले ते त्याच्या मोटारीलाच माहीत. पाटाला हद्द आहे, जमिनीखालच्या पाण्याला नाही. आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढायचा हक्क दिलेला. पुढे भूजलाचे कायदे झाले, पण बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यातला कायदा अजून १८८२ चाच आहे.

इथे ठिबकचे नाव घेतले जाते, आणि जळगावकरांना ठिबकचा अभिमान आहे, तो असावाही. पण ठिबक हा पेचावरचा उपाय नाही. एका एकरात पाणी वाचले की शेतकरी ते दुसऱ्या एकराला देतो, आणि उपसा पुष्कळदा होता तेवढाच राहतो. वाचवलेले पाणी जमिनीतच ठेवले तर ते शेजाऱ्याचा बोअर ओढणार, हे त्याला ठाऊक असते. त्याचा हिशेब बरोबरच आहे. तापी मेगा रिचार्ज योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला, आणि जमिनीत पाणी भरले जाणार म्हणून पट्ट्यात आनंद आहे. भरावे जरूर. पण जे भरले त्यातून कोणी किती काढायचे, केळी किती एकर आणि कोरडे किती एकर सोडायचे, हे पेरणीआधी बसून ठरवणारे पंच कुठे आहेत? पाणी वाढले की बोअर वाढतील. हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. वरचा तक्ता पुरे.

धुळ्याकडचे लोक यावर खूश होतील म्हणून लगेच सांगतो, फडही आता पूर्वीचा राहिलेला नाही, आणि तो मोडला तो माणसे बिघडली म्हणून नव्हे. ‘जमाना खराब आला’ हे स्पष्टीकरण आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला चालते, म्हणून ते कशालाच चालत नाही. वर लाटीपाडा, मालनगाव अशी धरणे झाली आणि नदीत पाणी केव्हा येणार हे फडाच्या पंचांऐवजी सरकारी खात्यावर अवलंबून राहिले. पंचांच्या हाती पाण्याची किल्लीच उरली नाही, तर त्यांच्या दंडाला कोण भीक घालणार? दुसरे म्हणजे विहिरी आणि विजेच्या मोटारी आल्या. याचा परिणाम त्याच आकड्यांवर पाहा. विहीर नसताना भांडण झाले तर हाती सात क्विंटल. विहीर असली तर भांडणातही, समजा, अकरा. मग चोरीचा फायदा तोच, चार. पण पुढच्या हंगामांचा तोटा पाचाऐवजी एकच. आता इमानदारी परवडायला पुढच्या हंगामी गाठ पडण्याची शक्यता शंभरात पंचेचाळीस नव्हे, ऐंशी लागते. आणि मुलगा नाशिक-पुण्याला नोकरीला, जमीन बटाईला किंवा विकायला काढलेली, अशा माणसाची शक्यता ऐंशी कुठून असणार? नियम मोडत चालल्याची खूण चोरी वाढण्याआधीच दिसते. पाट साफ करायला कोण येते ते पाहावे. ज्याच्याकडे विहीर आहे तो आधी मजूर पाठवतो, मग पैसे पाठवतो, मग निरोप पाठवतो. तो वाईट माणूस नाही. त्याला आता फडाची गरज उरलेली नाही, एवढेच.

एवढे सगळे दोस्तांच्या बाजूने बोललो, तेव्हा त्यांना वाटेल की नीती म्हणजे हिशेब हे आम्ही कबूल केले. नाही. आम्ही कबूल केले ते एवढेच की ज्यांना एकमेकांचे नुकसान करता येते, ज्यांची गाठ पुन्हा पडणार असते आणि ज्यांची चोरी दिसते, त्यांच्यात नियम का उगवतो हे या हिशेबाने कळते. मग ज्याला कोणाचे काहीच नुकसान करता येत नाही त्याचे काय? फडात पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळते. ज्याची जमीन शून्य, त्याचा वाटा शून्य. तो पाट खणेल, ऊस तोडेल, कदाचित जागल्याही होईल, पण पाण्याच्या वाटणीत त्याचे नाव नाही. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडलेले नाही, कारण त्याला राजी ठेवले नाही म्हणून पाट बंद पडत नाही. ज्याच्याकडे चोरण्याजोगे पाणी नाही आणि तोडण्याजोगा करार नाही, तो या खेळात खेळाडूच नाही. आणि आमच्या वर्गात जी मुले बसतात त्यांतली कितीतरी अशाच घरांतली आहेत.

दुसरी अडचण याहून कडवी आहे. ज्या यंत्राने फडाचा नियम टिकतो, त्याच यंत्राने वाईट नियमही तितकाच मजबूत टिकतो. पुन्हा पुन्हा खेळल्या जाणाऱ्या खेळात कोणताही एकच नियम निघत नाही, पुष्कळ नियम टिकू शकतात, हे या शास्त्राचे स्वतःचेच प्रमेय आहे. दंड पुरेसा असला की बस्स. वाळीत टाकणे घ्या. जातपंचायतीने एखाद्याला वाळीत टाकले आणि जो त्याच्याशी बोलेल त्यालाही वाळीत टाकण्याची धमकी दिली, की प्रत्येकाला गप्प राहणेच परवडते. मनातून एकालाही ते पटत नसले तरी. बिरादरीबाहेर काढण्याचे प्रकार आमच्यातही झाले आहेत, उगाच दुसऱ्यांकडे बोट नको. महाराष्ट्राला यासाठी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आता दोस्तांना विचारतो, पाणी न चोरणे आणि शेजाऱ्याच्या मय्यतीला न जाणे, हे दोन्ही ‘सहकार’ तुमच्या हिशेबात सारखेच टिकाऊ आहेत. मग एकाला आपण इन्साफ का म्हणतो आणि दुसऱ्याला जुलूम का? तुमचा तक्ता दोन्हीकडे बोट दाखवतो आणि पुढे मुका होतो.

हा मुकेपणा कुठे सुरू होतो ते नेमके दाखवणारे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातल्या नायगावला काम सुरू केले, आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. फडासारखेच तिथेही वापरणाऱ्यांनीच पाणी सांभाळायचे, आणि पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. ऊस लावायला बंदी, कारण एकाचा ऊस दहांची ज्वारी पितो. इथवर सगळे हिशेबात बसते. पण पुढचा नियम पाहा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराचे, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जात नाही, ते पंचायतीकडे परत येते. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. त्या हक्कावर तो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो.

वीस एकरवाल्या शेतकऱ्याने हा नियम का मानावा? भूमिहीन माणूस त्याचे काहीच बिघडवू शकत नाही. त्याला वगळले असते तर पाट तितकाच वाहिला असता आणि मोठ्याला पाणी जास्त मिळाले असते. त्याची एखादी गरज होती, सरकारी अनुदान गटालाच मिळणार होते, साळुंखे अटीवर अडून बसले होते, असे पुष्कळ सांगता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. सगळ्याच योजना पुढे टिकल्या नाहीत हेही खरे. पण अट घालणारा ती अट का घालतो, या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. साळुंखे पुरंदरात वतनदार नव्हते. त्यांची तिथे कोणाशी सावड नव्हती, आणि भूमिहीनाकडून त्यांना उद्या कापणीला मदत हवी नव्हती.

आमच्या दोस्तांनी आपला तक्ता घ्यावा, सोळा, बारा, सात आणि पाच. पांझरेकाठचा पाटकरी, जागल्या आणि एक-फड-एक-पीक त्यांनी त्यात बसवावेत. बसतात, ते आम्ही वर बसवून दाखवले. यावलचे बोअर बसवावेत, तेही बसतात. मग पाणी पंचायतीतल्या त्या बिनजमिनीच्या माणसाचे अर्ध्या एकराचे पाणी या चार आकड्यांपैकी कोणत्या घरात लिहायचे, तेवढे त्यांनी आम्हाला दाखवावे.